फोटोतला कंस कोणाचा: सरासरीचा की उद्याच्या हीटचा?

प्रश्न: सर, मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये आहे. ग्रे आयर्नच्या 22 टेस्ट बारवर आधीच्या सुपरवायझरनी रिग्रेशन केलं होतं. त्याच्या प्रिंटआउटचा मोबाइलवर काढलेला फोटो तेवढा माझ्याकडे आहे, मूळ फाइल मिळत नाही. उजवी कड कापली गेली आहे. उद्या कार्बन इक्विव्हॅलंट 3.95 ची हीट घ्यायची आहे. फोटोत त्यापुढे 278.75 आणि कंसात 273.91 ते 283.59 असं दिसतं. गिऱ्हाइकाची अट किमान 260 ची आहे. तर "स्ट्रेंथ 273 च्या खाली येणार नाही" असं 95 टक्के खात्रीनं लिहून देऊ का?

उत्तर:

नको, देऊ नका. तो कंस उद्याच्या हीटचा नाहीच. 3.95 कार्बन इक्विव्हॅलंट असलेल्या सगळ्या हीट्सची मिळून जी सरासरी स्ट्रेंथ असेल, तिचा तो अंदाज आहे. उद्याच्या एका बारसाठीचा कंस फोटोच्या कापलेल्या भागात गेला आहे आणि तो साधारण 259 ते 298 असा येतो. म्हणजे खालचं टोक 260 च्या थोडं खालीच जातं. हे आकडे तुमच्याच फोटोतून काढले आहेत. कसे ते सांगतो, कारण असे अर्धवट फोटो तुमच्याकडे पुन्हा येणारच.

फोटोत जे वाचता येतं ते आधी नीट मांडून घेऊ:

```
Strength = 970.0 - 175.0 CE

      S    R-sq
9.10000  82.22%

Source      DF      SS       MS  F-Value
Regression   1  7656.3  7656.25    92.46
Error       20  1656.2    82.81
Total       21  9312.5

   Fit   SE Fit        95% CI
278.75  2.32103  (273.91, 283.59)
```

तुमच्या फोटोत `95% CI` हे शीर्षक ट्यूबलाइटच्या चकाकीत अर्धं पुसलं गेलं आहे, म्हणून गोंधळ झाला. मिनिटॅब एका ओळीत `Fit`, `SE Fit`, `95% CI` आणि सगळ्यात शेवटी `95% PI` छापतं. फोटो काढताना उजवी कड गेली की पहिला बळी त्या शेवटच्या रकान्याचा जातो. मागे उरतो तो अरुंद, देखणा कंस, आणि तोच उत्तर म्हणून पुढे पाठवला जातो.

शीर्षक दिसत नसलं तरी कंस कोणता हे आकडेच सांगतात. कंसाची अर्धी रुंदी काढा: 283.59 वजा 273.91, भागिले 2, म्हणजे 4.84. तिला `SE Fit` नं भागा: 4.84 भागिले 2.321, उत्तर 2.085. आता `Error` चे डिग्रीज ऑफ फ्रीडम 20 आहेत. 20 साठी टी टेबलमधली 95 टक्क्यांची किंमत 2.086 आहे. जुळलं. म्हणजे हा कंस केवळ `SE Fit` वर उभा आहे, आणि केवळ `SE Fit` वर उभा असतो तो कॉन्फिडन्स इंटरव्हल. प्रेडिक्शन इंटरव्हल असता तर त्याची अर्धी रुंदी टी गुणिले `S` पेक्षा, म्हणजे 2.086 गुणिले 9.1 पेक्षा, जास्तच आली असती. ते होतात जवळपास 19. कंस मध्यापासून 19 च्या आतच थांबत असेल, तर तो नव्या हीटसाठीचा नाही. ही तोंडी करण्याजोगी चाचणी आहे आणि ती कधी फसत नाही.

आता या दोघांत फरक का पडतो ते बघा. तालमीत पन्नास मल्ल असतील तर त्यांचं सरासरी वजन तुम्ही एक-दोन किलोच्या आत सांगू शकाल. पण उद्या सकाळी दारातून आत येणारा पुढचा मल्ल त्या दोन किलोंत बसेल असं कोणी म्हणणार नाही. रेषेचंही तसंच आहे. 22 बार बघून रेषा 3.95 पाशी कुठे आहे हे आपल्याला बऱ्यापैकी कळलं, चूक असली तर पाच-एक एककांची. पण प्रत्येक हीट रेषेवर बसत नाही, ती वर-खाली पडते. ती किती वर-खाली पडते ते `S` सांगतो: 9.1. कॉन्फिडन्स इंटरव्हलमध्ये फक्त पहिली अनिश्चितता असते. उद्याच्या बारला दोन्ही लागू होतात.

दोन्ही एकत्र करताना त्यांची नुसती बेरीज करत नाहीत, वर्गांची करतात. `S` चा वर्ग 82.81 (हा आकडा टेबलमध्ये `Error` च्या ओळीत `MS` खाली छापलेलाच आहे). `SE Fit` चा वर्ग 5.39. बेरीज 88.20, वर्गमूळ 9.39. त्याला 2.086 नं गुणलं की 19.59. मग 278.75 मधून 19.59 वजा केले की 259.16, मिळवले की 298.34. फोटोच्या कडेबाहेर गेलेला `95% PI` हाच.

संगणकावर करायचं असेल तर आर मध्ये एवढं पुरतं:

```r
n <- 22; s <- 9.1; fit <- 278.75; se <- 2.32103
tt <- qt(0.975, n - 2)
fit + c(-1, 1) * tt * sqrt(s^2 + se^2)
```

मूळ फाइल सापडली तर `predict()` मध्ये `interval = "prediction"` असं स्पष्ट लिहा. तिथे `"confidence"` लिहिलंत तर पुन्हा तोच अरुंद कंस मिळेल, आणि आर काही तुम्हाला हटकणार नाही.

या 88.20 मध्ये 82.81 एकट्या `S` चे आहेत हे लक्षात घ्या. म्हणजे उद्याच्या बारची जवळजवळ सगळी अनिश्चितता भट्टीची, साच्याची आणि टेस्टिंगची आहे. रेषा नीट ठाऊक नसल्यामुळे येणारा वाटा अगदी थोडा. म्हणून "आणखी डेटा घेतला की कंस अरुंद होईल" हे अर्धसत्य आहे. समजा 22 ऐवजी 220 बार घेतले आणि त्यांचा पसारा असाच राहिला. कॉन्फिडन्स इंटरव्हल 4.84 वरून दीडच्याही आत येईल. प्रेडिक्शन इंटरव्हल मात्र 19.6 वरून फक्त 18 वर येईल, आणि कितीही बार तोडले तरी साधारण 17.8 च्या खाली जाणार नाही. तो खरंच अरुंद करायचा असेल तर चार्जमधला स्क्रॅप एकसारखा ठेवणं, इनॉक्युलंट वजन करून टाकणं, ओतण्याचं तापमान सांभाळणं, हाच रस्ता आहे. ते काम शॉपमध्ये होतं, संगणकावर नाही.

आता फोटोतले आकडे बरोबर वाचले आहेत का? चकाकीत 3 चा 8 दिसतो, दशांश चिन्ह गायब होतं. सुदैवानं प्रिंटआउटमधले आकडे एकमेकांना बांधलेले असतात. `S` चा वर्ग `Error` च्या `MS` इतका यायलाच हवा: 9.1 चा वर्ग 82.81, ठीक. `Error` चा `SS` त्याच्या `DF` नं भागला की तोच आकडा: 1656.2 भागिले 20, ठीक. कंसाचा मध्य `Fit` वर पडायला हवा: 273.91 आणि 283.59 चा मध्य 278.75, ठीक. समीकरणात 3.95 घालून बघा: 970 वजा 691.25, पुन्हा 278.75. तुमच्या फोटोत `SE Fit` चा पहिला दशांश अंक मला 3 आणि 8 यांच्या मधला काहीतरी दिसला. 2.82 धरला तर 2.086 नं गुणल्यावर 5.88 येतात आणि कंसाशी जुळत नाहीत. 2.32 धरला तर 4.84 येतात. म्हणून तो 3 आहे.

`SE Fit` मधून आणखी एक गोष्ट निघते, ती सहसा कोणी काढत नाही. `SE Fit` ला `S` नं भागून वर्ग करा: 0.0650. यातले 1 भागिले 22, म्हणजे 0.0455, कुठेही असलं तरी लागतातच. उरलेले 0.0195 हे 3.95 तुमच्या डेटाच्या सरासरीपासून किती दूर आहे त्याचे. हा भाग लहान आहे, म्हणजे 3.95 डेटाच्या मधल्या पट्ट्यातच आहे, रेषा रिकाम्या जागेत ताणलेली नाही. किती दूर हेही सांगता येतं. `Regression` चा `SS` उताराच्या वर्गानं भागला की कार्बन इक्विव्हॅलंटचा एकूण पसारा 0.25 मिळतो, आणि त्यावरून सरासरी 3.95 पासून 0.07 अंतरावर असल्याचं कळतं. ती 4.02 आहे की 3.88, हे फोटो सांगू शकत नाही. तुमच्या हीट रजिस्टरवर नजर टाकलीत तर लगेच कळेल. फोटोच्या तळाला `X` किंवा `XX` अशी तळटीप कापली गेली आहे का तेही बघा. मिनिटॅब ती खूण डेटाच्या कडेच्या किंवा बाहेरच्या बिंदूसाठी छापतं. `XX` असेल तर कोणताच कंस घेऊ नका. वरच्या हिशोबावरून तुमच्या बाबतीत ती नसणार.

आता मूळ मुद्दा: 260. गिऱ्हाइकाला फक्त खालची बाजू बोचते, बार 298 च्या वर गेला म्हणून तो तक्रार करणार नाही. दोन बाजूंच्या 95 टक्के कंसात खाली अडीच आणि वर अडीच टक्के सुटतात. त्यामुळे "खालचं टोक 259, म्हणजे माल नापास" असाही निष्कर्ष काढू नका. सरळ विचारा, एक नवी हीट 260 च्या खाली जाण्याची शक्यता किती? 278.75 वजा 260, भागिले 9.39, म्हणजे 1.997. एक्सेलमध्ये `=T.DIST.RT(1.997,20)` टाका, 0.03 येतं. शंभरात तीन. एकाच बाजूची 95 टक्के सीमा काढली तर ती 262.5 च्या आसपास येते आणि अट पाळली जाते. बघा, एकाच डेटावरून 259 ही निघतात आणि 262.5 ही. दोन्ही आकडे खरेच, प्रश्न वेगवेगळे. कोणत्या प्रश्नाचं उत्तर देताय ते कागदावर लिहिलेलं हवं.

आणि हे एका हीटपुरतं आहे. महिन्याला अशा तीस-पस्तीस हीट्स काढणार असाल तर शंभरात तीन या हिशोबानं महिन्याला एखादी खाली जाणार हे धरूनच चाला. प्रेडिक्शन इंटरव्हल पुढच्या एका निरीक्षणाचं बोलतो. तो पूर्ण ऑर्डरची हमी म्हणून वापरला की अंगाशी येतो.

आता मला खरी काळजी ज्याची वाटते ते. हे 22 बार 22 वेगळ्या हीट्सचे आहेत का? की पाच-सहा हीट्समधून प्रत्येकी तीन-चार बार ओतलेले आहेत? फोटोवरून हे कधीच कळत नाही आणि सगळं गणित त्यावर टेकलेलं आहे. एकाच लॅडलमधले बार सख्ख्या भावांसारखे एकमेकांना धरून असतात. तसे असतील तर खरी स्वतंत्र माहिती 22 ची नाही, पाच-सहाचीच. हीट-हीटमधला फरक इतक्या थोड्या हीट्सवर नीट पकडला जात नाही, 9.1 हा `S` लहान निघालेला असू शकतो आणि 259 ते 298 हा कंसही अपुरा पडेल. रजिस्टरमध्ये हीट नंबर असतात, तेवढे तपासा. सगळे बार एकाच आठवड्यातले असतील तरी तीच अडचण. तेव्हाचा स्क्रॅप, तेव्हाचं पिग आयर्न आणि तेव्हाचा भट्टीवाला यांचाच फरक `S` मध्ये आहे. नंतर स्क्रॅपचा व्यापारी बदलला असेल तर `S` ला त्याची खबर नाही.

दुसरं, 3.95 हे आकडे उद्या प्रत्यक्ष लागतील का? कार्बन 3.30, सिलिकॉन 1.90, फॉस्फरस 0.05 असेल तर कार्बन अधिक सिलिकॉन-फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा, असे 3.95 होतात. पण ते चार्ज कार्डवरचं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात हीट 4.00 ला बसली तर उतार 175 चा असल्यामुळे अंदाजच 8.75 नं खाली येतो, म्हणजे 270. मग खालचं टोक 250 च्या घरात जातं. कंस आधी काढून ठेवला तरी हीटचं केमिस्ट्री आल्यावर खरा आकडा घालून पुन्हा काढा, आणि मगच बोला.

थोडी मोकळीक हवी असेल तर उद्दिष्ट 3.90 वर आणता येईल. सरासरी 4.02 धरली तर तिथे अंदाज 287.5 येतो आणि प्रेडिक्शन इंटरव्हलचं खालचं टोक 267.5 च्या आसपास, म्हणजे 260 पासून सुरक्षित अंतरावर. कंस किंचित रुंद होतो, कारण सरासरीपासून आपण आणखी दूर गेलो. पण त्यासाठी स्टील स्क्रॅप वाढवावा लागेल. पातळ भिंतींच्या कास्टिंगला चिल येण्याची आणि आकुंचनाच्या पोकळ्यांची शक्यता वाढेल, आणि मशीन शॉपवाले टूल झिजतात म्हणून तुमच्या दारात येतील. हा सौदा तुमच्या मेथड्सवाल्यांनी ठरवायचा.

एक इशारा एक्सेलचा, कारण फोटो मिळाला की पुढची पायरी तीच असते. डेटा ॲनालिसिसच्या रिग्रेशनमध्ये `Lower 95%` आणि `Upper 95%` असे रकाने येतात. ते उताराचे आणि स्थिरांकाचे आहेत, नव्या हीटचे नाहीत. काही जण दोन्हींची खालची टोकं समीकरणात घालून "किमान" आणि वरची घालून "कमाल" काढतात. तुमच्या डेटावर, सरासरी 4.02 धरून, तसं केलं तर स्ट्रेंथ उणे 24 पासून 581 पर्यंत येते! उतार आणि स्थिरांक एकमेकांच्या उलट हलतात, ते या रीतीत विसरलं जातं. एक्सेलचं ते साधन प्रेडिक्शन इंटरव्हल छापतच नाही. तिथलं वरच्या `Regression Statistics` मधलं `Standard Error` हे मात्र `S` आहे, त्यावरून वरचा हिशोब हातानं करता येतो.

गिऱ्हाइकाला काय लिहायचं? मी असं लिहीन: "कार्बन इक्विव्हॅलंट 3.95 असलेल्या एका नव्या हीटच्या, वेगळ्या ओतलेल्या 30 मि.मी. टेस्ट बारची स्ट्रेंथ 95 टक्के खात्रीनं 259 ते 298 न्यूटन प्रति चौ. मि.मी. दरम्यान अपेक्षित आहे. 260 च्या खाली जाण्याची शक्यता साधारण 3 टक्के. प्रत्येक हीटचा बार तोडून निकाल सोबत देऊ." टेस्ट बार हा शब्द गाळू नका. कास्टिंगच्या जाड भागात धातू सावकाश थंड होतो आणि तिथली स्ट्रेंथ बारपेक्षा कमी असते, त्याबद्दल हे रिग्रेशन काहीच बोलत नाही. आणि पत्र पाठवण्याआधी ते हीट नंबर मोजा. 22 च्या जागी सहा निघाले तर हे आकडे बाजूला ठेवा, आणि दर हीटमागे एक बार असा नवा डेटा गोळा करायला लागा.